कडेला ७ इंच, मध्ये ५ इंच: उताराच्या स्लॅबला काँक्रीट किती लागतं?

प्रश्न: सर, अंबाजोगाई तालुक्यात घर बांधतोय. गच्चीचा स्लॅब ३६ बाय २४ फूट, खालून सपाट. वरून चारही कडांकडून मध्यभागाकडे उतार, म्हणजे पावसाचं पाणी मधल्या पाइपातून थेट हौदात जाईल. कडेला जाडी ७ इंच, मध्ये ५ इंच. मिस्त्री म्हणतो सरासरी ६ इंच धरा, ४.३२ ब्रास झाले. काँक्रीट पुरवणारा म्हणतो सगळीकडे ७ इंच धरा, नंतर कमी पडायला नको. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही नाही. नुसत्या स्लॅबला ४५६ घनफूट, म्हणजे ४.५६ ब्रास किंवा जवळपास १२.९ घनमीटर लागतील. सरासरी जाडी ६ इंच नसून ६.३३ इंच भरते. बीमचं काँक्रीट यात धरलेलं नाही, ते वेगळं. त्यावर पुढे येतो.

मिस्त्रीची चूक कुठे होते ते कागदावर काढून बघा. ३६ बाय २४ चा चौकोन काढा आणि ज्या ज्या जागी जाडी बरोबर ६ इंच आहे ती रेघ त्यात मारा. कडेपासून मध्यबिंदूपर्यंतच्या अर्ध्या वाटेवर ६ इंच येतात, म्हणून ही रेघ आत १८ बाय १२ चा छोटा चौकोन होऊन बसते. आता क्षेत्रफळ बघा. आतला चौकोन २१६ चौरस फूट, अख्खी गच्ची ८६४. म्हणजे ६ इंचांपेक्षा पातळ भाग फक्त पाव गच्ची आहे आणि बाकी पाऊण गच्ची ६ इंचांपेक्षा जाड आहे. जाड भाग कडेला असतो आणि कडेलाच जागा जास्त असते. मिस्त्रीने दोन जाड्यांची सरासरी काढली, पण कोणती जाडी किती जागेवर आहे ते बघितलं नाही.

नेमका आकडा काढायची सोपी रीत अशी. आधी सगळा स्लॅब ७ इंच जाड आहे असं समजा. ८६४ गुणिले ७ भागिले १२, म्हणजे ५०४ घनफूट. मग त्यातून वरचा खोलगट भाग वजा करा. तो खोलगट भाग म्हणजे उलटा ठेवलेला पिरॅमिड: तळ ८६४ चौरस फूट, खोली २ इंच. पिरॅमिडचं घनफळ तळ गुणिले उंची भागिले ३, हे शाळेतलंच. ८६४ गुणिले २ भागिले १२ म्हणजे १४४, त्याचे तीन भाग केले की ४८ घनफूट. ५०४ वजा ४८ बरोबर ४५६. हेच एका ओळीत लिहायचं तर:

```
घनफळ = क्षेत्रफळ × (२ × कडेची जाडी + मधली जाडी) ÷ ३
     = ८६४ × (१४ + ५) ÷ ३ ÷ १२ = ४५६ घनफूट
```

कडेची जाडी दोनदा आणि मधली एकदा, एवढं डोक्यात राहिलं तरी पुरे. चौरस असो, लांबट असो, अष्टकोनी असो की गोल, सगळीकडे हेच चालतं. अटी दोनच: कड सगळीकडून एकाच पातळीत असावी आणि उतार सरळ रेषेत एका बिंदूकडे जावा.

याच हिशोबातली एक गंमत तुमच्या कामाला येईल. पाइप बरोबर मध्यभागी बसवायचा विचार असेल तर तो तिथे बसणार नाही. १२-१२ फुटांवर बीम असतील, आणि २४ फुटी रुंदीत तसेच असतात, तर गच्चीचा मध्यबिंदू लांब बीमच्या डोक्यावर येतो. बीममधून उभा पाइप नेऊ नका. तो दीड फूट बाजूला सरकवा, अर्थात रुंदीच्या दिशेने, लांबीत मात्र १८ फुटांवरच ठेवून. काँक्रीट मात्र बदलत नाही. पिरॅमिडचं टोक इकडेतिकडे सरकलं तरी तळ आणि खोली तीच राहते, घनफळही तेच. फक्त एका बाजूचा उतार थोडा तीव्र होतो आणि दुसरीकडचा थोडा सौम्य. सध्या आखूड बाजूने १२ फुटांत २ इंच, म्हणजे ७२ ला १, आणि लांब बाजूने १८ फुटांत २ इंच, म्हणजे १०८ ला १ असा उतार आहे. लांब बाजूचा उतार कमीच आहे, याहून कमी करू नका.

मिस्त्रीला मात्र अगदी खोटं पाडू नका. त्याची सरासरी एका प्रकारच्या गच्चीला तंतोतंत लागू पडते. मधोमध लांबीभर पन्हाळ ठेवली आणि दोनच बाजूंनी तिच्याकडे उतार दिला, तर तुमच्याच मापाला बरोबर ४३२ घनफूट येतात. आपल्याकडचे बरेच मिस्त्री असेच दुबाजू उतार करत आलेत, म्हणून त्यांच्या हाताला तीच रीत बसलेली असते. तुमचा उतार चौबाजू आहे, म्हणून २४ घनफूट जास्त.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो नकळत होतो. पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवायला सपाट जागा लागते म्हणून मिस्त्री तिथे थोडा भाग ५ इंचांवर सपाट सोडतो. ३ बाय २ फूट सोडलं तर काँक्रीट सुमारे सव्वाचार घनफुटांनी कमी लागतं. एवढ्याने काही बिघडत नाही. पण ही सपाटी वाढत वाढत ६ बाय ४ झाली तर ९ घनफुटांचा फरक पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नेमकं तिथेच पाणी साचून राहतं. तेव्हा सपाट जागेचं माप आधीच ठरवून द्या.

हा हिशोब मी पुस्तकातून शिकलो नाही, गावातल्या लोकांसमोर नाक कापून घेऊन शिकलो. नवीन होतो तेव्हा औसा तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या सभामंडपाचा गोल स्लॅब होता. व्यास २४ फूट, कडेला ८ इंच, मध्ये ५. मीही साडेसहा इंच सरासरी धरली आणि २४५ घनफूट काढले. पोत्याला साधारण ४.४ घनफूट काँक्रीट पडतं, त्या हिशोबाने ५६ पोती लागणार. एक वरचं धरून ५७ आणली. खरी गरज २६४ घनफुटांची, म्हणजे ६० पोत्यांची होती. दुपारी तीनच्या सुमाराला सिमेंट संपलं तेव्हा कडेला एका मोठ्या बाजेएवढी जागा उघडी होती, गज दिसत होते. तालुक्याहून पोती यायला चार तास गेले. मे महिना होता, तोवर आधीची कड कडक झालेली. श्रावणात बरोबर त्या सांध्यातून पाणी झिरपलं. भजनी मंडळी सतरंजी सरकवून बसायची आणि मी दिसलो की वर बघायची.

आता बीम. नकाशात बीमची खोली सहसा स्लॅबसकट लिहिलेली असते, समजा १५ इंच. एकसारख्या जाडीच्या स्लॅबला १५ मधून ५ वजा करून १० इंच धरतात. इथे स्लॅबची जाडी जागोजागी वेगळी आहे, म्हणून काही जण कडेच्या बीमला १५ वजा ७ म्हणजे ८ इंच धरतात आणि काँक्रीट कमी काढून बसतात. स्लॅबचा खालचा पत्रा सगळीकडे एकाच पातळीत आहे, त्यामुळे बीमही सगळीकडे पत्र्याखाली सारखेच १० इंच उतरतात. कडेला जे जास्तीचे २ इंच आहेत ते वर आहेत आणि ते स्लॅबच्या हिशोबात आधीच आले. म्हणून बीम नेहमी सेंट्रिंगच्या पत्र्यापासून खाली मोजा, वरून मोजू नका.

तुमच्या घराचे बीम मी असे धरतो: ९ इंच रुंद, भोवताली चार, मध्ये लांबीचा एक आणि १२ व २४ फुटांवर आडवे दोन. कोपरे आणि फुल्या दोनदा न मोजता एकूण लांबी १९५ फूट भरते. १९५ गुणिले पाऊण फूट गुणिले १० इंच, म्हणजे १२२ घनफूट. स्लॅब आणि बीम मिळून ५७८ घनफूट, १६.४ घनमीटर. तुमचे बीम वेगळे असतील तर हा आकडा बदला. गजांचं घनफळ आणि चार इंची पाइपाचं भोक वजा करायचं नसतं, मोजमापाच्या भारतीय मानकाचाही नियम तसाच आहे.

हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात सेंट्रिंग बसतं. बल्ल्या मातीवर उभ्या असतील आणि खाली फळी नसेल तर हमखास बसतं. आपल्या काळ्या जमिनीवर तर सकाळी ठोकलेली पाचर दुपारी सैल झालेली मी बघितलीय. सगळ्या पत्र्यांची सरासरी पाव इंच खाली गेली तरी १८ घनफूट जास्त जातात. ज्या २४ घनफुटांसाठी तुमचा वाद चाललाय त्याचा हा पाऊण हिस्सा झाला, आणि कोणत्याही सूत्रात तो दिसत नाही. सांडलवंडीचे दोन टक्के धरून मी १७.२ घनमीटर मागवायची तयारी ठेवली असती. काँक्रीट पुरवणाऱ्याचे ७ इंच बीमसकट १७.७ होतात. म्हणजे त्याचं कारण चुकीचं असलं तरी आकडा फार लांब नाही. फक्त त्याने त्यावर पुन्हा वेस्टेज लावलं तर हात आखडता घ्या.

साइटवर मिक्सर लावून एकास दीडास तीन करणार असाल तर घनमीटरला आठ पोती धरा. मिस्त्रीच्या आकड्याने गेलात तर साडेपाच पोती आणि त्या मापाची खडी-वाळू कमी पडेल.

गाड्या येणार असतील तर शेवटच्या गाडीचा आकडा सकाळीच सांगून मोकळे होऊ नका. सहा घनमीटरच्या दोन गाड्या पक्क्या करा, तिसरीचं माप काम बघून सांगा. त्यासाठी स्लॅब आखूड बाजूकडून सुरू करून लांबीच्या दिशेने सरळ रांगेत पुढे न्यायचा. पहिली गाडी रिकामी होते तेव्हा काँक्रीट साडेबारा फुटांवर, म्हणजे पहिला आडवा बीम भरून जेमतेम पुढे सरकलेलं असायला हवं. तो बीम पूर्ण भरायच्या आत गाडी संपली तर कुठेतरी जास्त जातंय. लगेच एक माणूस खाली पाठवून बल्ल्या बघा आणि मिस्त्रीला वरची जाडी मोजायला लावा. दोन्ही गाड्या संपल्यावर कागदाप्रमाणे साडेनऊ फूट उरायला हवं. अकरा फूट उरलं तर सहा टक्के जास्त गेलं, तेवढं चालतं. तिसरी गाडी साडेपाचची मागवा. बारा फूट उरलं तर दहा टक्के झाले, तेव्हा नुसतं सेंट्रिंगकडे बोट दाखवू नका, उतारच चुकलेला असतो. दुसरी गाडी संपायची वाट बघत बसलात तर प्लांट लांब असल्यावर उशीर होईल. म्हणून मी पहिल्या आडव्या बीमपाशी अंदाज बांधतो, १८ फुटांवर तो पुन्हा तपासतो आणि तिथूनच फोन करतो. १८ फुटांवर बरोबर निम्मं काँक्रीट गेलेलं असतं, त्यामुळे तिथला हिशोब तोंडी होतो. एक तृतीयांशावर मात्र तसा तिप्पट करू नका. कडेची पट्टी जाड असल्याने तिथे आकडा फुगलेला दिसतो.

उतार चुकतो कसा, तेही सांगतो. मिस्त्री चार बाजूंच्या मध्यापासून पाइपापर्यंत चार दोऱ्या बांधतो आणि मधलं अंगण नजरेने भरतो. कोपऱ्याकडे त्याचा हात वर राहतो. कारण कोपरा पाइपापासून साडेएकवीस फूट लांब आहे आणि त्याला वाटतं की लांब आहे म्हणजे उंचही हवा. नाही. कोपराही ७ इंचच. बाजूच्या साइडपट्ट्यांची वरची कड पाण्याच्या नळीने एका पातळीत करून घ्या. पाइपाच्या तोंडाशी ५ इंच उंचीचा गज उभा करून त्याला दोरी बांधा. दोरीचं दुसरं टोक हातात धरून कडेवर कुठेही टेकवा, ती ताणलेली दोरी सगळीकडे स्लॅबच्या वरच्या पातळीतच असते. एका माणसाने दोरी घेऊन कडेने फिरत राहायचं, दुसऱ्याने ॲल्युमिनियमची पट्टी तिच्याखाली ओढायची. एका कडेवरून समोरच्या कडेवर बांधलेली दोरी मात्र इथे काही कामाची नाही, ती खोलगटावरून अधांतरी जाते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण इंजिनीअरला विचारून घ्या. सगळीकडे ५ इंच ठेवले असते तर स्लॅबला ३६० घनफूट लागले असते. उतारासाठी ९६ घनफूट वाढले, म्हणजे पावणेसात टनांवर वजन डोक्यावर चढलं. कडेला दर चौरस मीटरला सव्वाशे किलो जास्त होतात, आणि वापरात असलेल्या गच्चीवर माणसासामानाचं जे वजन डिझाइनला धरतात ते दीडशेच्या आसपास असतं. म्हणजे हे काही बारीकसारीक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदं माणसांवर आली, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. तुमचं घर आरसीसीचं आहे, तसं काही होईल असं मी म्हणत नाही. पण भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. डिझाइन ५ इंचांवर केलं असेल आणि उतार नंतर सुचला असेल तर ते कागद पुन्हा तपासायला हवेत. त्याच वेळी वरच्या गजांच्या चेअरची उंचीही ठरवून घ्या. सगळीकडे ५ इंचांच्या मापाच्या चेअर लावल्या तर कडेला गजांवर दोन इंच बिनगजाचं काँक्रीट राहतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याला बारीक तडे जातात.

स्लॅब पूर्ण पिकल्यावर, म्हणजे २८ दिवसांनी, एक तपासणी करता येते. पाइपाचं तोंड घट्ट बंद करा आणि टाकीने मोजून पाणी सोडा. उतार ठरल्याप्रमाणे असेल तर पाणी कडेला लागेपर्यंत ४८ घनफूट, म्हणजे साधारण १,३६० लिटर मावतं. हजार लिटरलाच पाणी कडेला टेकलं तर खोलगट उथळ झालाय, काँक्रीट तेवढं जास्त गेलंय आणि उतार कमी पडलाय. पाणी एका कडेला आधी लागून दुसरीकडे कोरडं राहिलं तर साइडपट्टी पातळीत नव्हती. सेंट्रिंग खाली बसलं होतं की नाही हे यातून कळत नाही, ते खालून छताला दोरी लावूनच बघावं लागतं. गळती आहे का तेही त्याच पाण्यात दिसतं, आणि बूच काढलं की ते पाणी हौदात जातं, टँकरचे पैसे वाया जात नाहीत.